थांबलेल्या यंत्राचा हिशेब कोणाच्या नावावर?

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावरून वाहू लागले की तालुक्याचे गाव बाहेरच्या जगापासून तुटते. दरवर्षी हे घडते आणि दरवर्षी त्याची बातमी होते. त्या पुराची नोंद मात्र आणखी एका ठिकाणी होते, आणि तिची बातमी होत नाही. गडचिरोलीच्या जंगलातल्या बांबूवर चालणाऱ्या कारखान्याच्या जुलैच्या कॉस्ट रिपोर्टमध्ये ‘फिक्स्ड ओव्हरहेड व्हॉल्यूम व्हेरिअन्स’ नावाची एक ओळ असते. तिच्यापुढे मोठा प्रतिकूल आकडा पडतो, आणि आढावा बैठकीत त्याचा जाब वर्क्स मॅनेजरला विचारला जातो.

हा जाब विचारण्याची रीतच चुकलेली आहे, असे माझे म्हणणे आहे. स्थिर खर्चाच्या हिशेबातून दोन फरक निघतात. एक खर्चाचा, म्हणजे एक्स्पेंडिचर व्हेरिअन्स. दुसरा उत्पादनाच्या आकारमानाचा, म्हणजे व्हॉल्यूम व्हेरिअन्स. दोन्ही रुपयांत लिहिलेले असतात आणि एकाखाली एक मांडून त्यांची बेरीज केली जाते, म्हणून ते एकाच जातीचे वाटतात. पहिला फरक खरोखर खर्च झालेल्या पैशाबद्दल असतो. दुसऱ्यात एक रुपयाही खिशातून गेलेला नसतो. तो यंत्राच्या वापराबद्दल असतो आणि रुपये हा त्याचा नुसता पोशाख असतो. हा भेद लक्षात घेतला नाही, तर मॅनेजरला नको त्या गोष्टीचा दोष लागतो आणि ज्याचा लागायला हवा तो सुटून जातो.

मुद्दा हवेत राहू नये म्हणून एक कागद कारखाना समोर ठेवू. या भागात त्यासाठी लांब जावे लागत नाही. वर्धा नदीकाठच्या बल्लारपुरात १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीची कागद गिरणी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाहिली आहे, आणि तिच्यासाठी गडचिरोलीच्या जंगलातून बांबू येत असे. पुढचे आकडे मात्र त्या किंवा कोणत्याही खऱ्या कारखान्याचे नाहीत. हिशेब समजावा म्हणून ते मी मांडले आहेत.

या कल्पित कारखान्याचा वर्षाचा स्थिर खर्च ७२ कोटी रुपये आहे. कायम कामगारांचे पगार, घसारा, विमा, सुरक्षा आणि देखभालीचा ठरलेला भाग त्यात येतो. वर्षभरात ७२,००० टन कागद काढायचा असे अंदाजपत्रक आहे. म्हणजे महिन्याला ६ कोटी खर्च, ६,००० टन उत्पादन आणि टनामागे १०,००० रुपये स्थिर खर्चाचा दर. कागदाचे मशीन महिन्याला ६०० तास चालेल आणि तासाला १० टन देईल, असे गृहीत आहे. म्हणून तासाचा दर १ लाख रुपये पडतो.

जुलै संपतो. प्रत्यक्ष उत्पादन ४,८०० टन झालेले असते आणि प्रत्यक्ष स्थिर खर्च ६ कोटी ३० लाख. हिशेबाच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक टनाने आपले १०,००० रुपये उचलले, म्हणजे ४ कोटी ८० लाख वसूल झाले. खर्च आणि वसुली यांत दीड कोटीची तूट राहिली. तिचे दोन भाग होतात. ६ कोटींऐवजी ६ कोटी ३० लाख खर्च झाले, हा ३० लाखांचा खर्चफरक. ६,००० टनांऐवजी ४,८०० टन निघाले, म्हणून १,२०० टनांनी उचलायचे १ कोटी २० लाख न उचललेले राहिले, हा उत्पादनफरक.

बैठकीत सगळ्यांची नजर १ कोटी २० लाखांवर खिळते, कारण आकडा चौपट मोठा आहे. पण ते पैसे कोठे गेले, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. पगार, घसारा, विमा हे सगळे ६ कोटींत होतेच. ६,००० टन काढले असते तरी तेवढाच खर्च झाला असता, आणि एकही टन काढला नसता तरी बहुतेक तेवढाच. जादा खर्च फक्त ३० लाखांचा झाला आहे. बाकीची रक्कम म्हणजे आधीच ठरलेला खर्च कमी टनांवर वाटला गेल्याची खूण आहे.

म्हणून आधी लहान आकड्याकडे पाहू. खर्चफरक हा खरा पैसा असला तरी त्याची बेरीज-वजाबाकी करून टाकली की तो खोटे बोलू शकतो. आपल्या कारखान्याचे ३० लाख उलगडले तर चार गोष्टी निघतात. नव्या वेतनकराराने पगार १८ लाखांनी वाढले. विम्याचा हप्ता ८ लाखांनी वाढला. ऑक्टोबरमध्ये करायची एक मोठी दुरुस्ती जुलैत उरकली, तिचे १६ लाख लागले. आणि रोजच्या देखभालीवर ठरल्यापेक्षा १२ लाख कमी खर्च झाले. अठरा, आठ आणि सोळा मिळून बेचाळीस, त्यातून बारा वजा केले की तीस.

या चार ओळींतल्या पहिल्या दोन वर्क्स मॅनेजरच्या हातच्या नाहीत. वेतनकरारावर सही मुख्यालयाची असते आणि विम्याचा दर विमा कंपनीचा. त्यांच्याबद्दल त्याला विचारायचे ते एवढेच, की हे आधी कळले होते का आणि अंदाजपत्रक का बदलले नाही. तिसरी ओळ प्रतिकूल दिसते, पण तो कदाचित महिन्यातला सर्वांत शहाणा निर्णय असेल. बांबूअभावी मशीन बंद पडणारच होते, म्हणून त्या वेळात दुरुस्ती करून घेतली. ऑक्टोबरमध्ये त्यासाठी वेगळे तास बंद ठेवावे लागणार नाहीत. याचे श्रेय ऑक्टोबरच्या अहवालात अनुकूल फरक म्हणून दिसेल. तोवर जुलैची बैठक त्याला दोष देऊन मोकळी झालेली असेल.

चौथी ओळ अनुकूल आहे, म्हणून तिच्यावर कोणीच बोलत नाही. खरे बोलणे तिच्यावरच व्हायला हवे. देखभालीचे १२ लाख वाचले ते कसे? काम स्वस्तात झाले की झालेच नाही? बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचे राहिले, पंपाचे सील बदलायचे पुढे ढकलले, सुकवणाऱ्या सिलिंडरच्या वाफेच्या सांध्यांची तपासणी टळली, तर त्याचा हिशेब दोन-तीन महिन्यांनी उत्पादनफरकात निघतो. आजचा अनुकूल खर्चफरक उद्याचा प्रतिकूल उत्पादनफरक होऊन येतो. ओळखायची खूण सोपी आहे. देखभालीच्या खर्चाशेजारी ठरलेली कामे किती आणि पूर्ण झालेली किती, हा आकडा ठेवायचा. कामे पूर्ण झाली आणि पैसे वाचले, तर ती बचत. कामे अपुरी आणि पैसे वाचले, तर ती उधारी.

खर्चफरक वर्क्स मॅनेजरला हे सांगतो: ठरवून दिलेल्या पैशातला कोणता भाग तुझ्या निर्णयाने हलला, आणि तो निर्णय कोणत्या महिन्यात फळेल. एकूण बेरीज त्याला काहीच सांगत नाही.

आता मोठ्या आकड्याकडे येऊ. उत्पादनफरक रुपयांतून तासांत उतरवला की तो बोलू लागतो. १ कोटी २० लाख म्हणजे १२० तास. जुलैत मशीन ६०० ऐवजी ५०० तास चालले. हे १०० तास क्षमता न वापरल्याचे. चाललेल्या ५०० तासांत ५,००० टन निघायला हवे होते, निघाले ४,८००. म्हणजे २० तासांचे काम संथपणामुळे वाया गेले. पहिल्याला कपॅसिटी व्हेरिअन्स म्हणतात, दुसऱ्याला एफिशियन्सी व्हेरिअन्स. पाठ्यपुस्तके बहुधा येथे थांबतात. कारखान्यात खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो: ते १०० तास मशीन का उभे होते?

शिफ्टची नोंदवही सांगते की ६० तास बांबूचा लगदा नव्हता. १५ तास नदीला पूर आला आणि पाणी उपसायच्या जागी गाळ साचला. २५ तास मशीनमध्येच बिघाड होता. आता चित्र बदलते. १२० तासांपैकी मशीनचा बिघाड आणि संथ चाल, असे मिळून ४५ तास वर्क्स मॅनेजरच्या कक्षेत आहेत. उरलेल्या ७५ तासांत मशीन तयार होते, माणसे हजर होती, फक्त त्याला द्यायला काही नव्हते. यंत्र ‘तयार असून थांबले’ की ‘तयारच नव्हते’, ही ती रेघ आहे. ती ओढल्याशिवाय उत्पादनफरकाबद्दल कोणाला जाब विचारणे म्हणजे पावसाचा दंड छत्री विकणाऱ्याला करणे आहे.

ही रेघ कोणी तत्त्वज्ञाने काढलेली नाही. चंद्रपूर जिल्ह्यातच तशीच एक रेघ रोज वापरात आहे, फक्त थोड्या वेगळ्या जागी ओढलेली. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे: २१० मेगावॉटचे दोन संच आणि ५०० मेगावॉटचे पाच. अशा केंद्राच्या विजेचा दर राज्य वीज नियामक आयोग दोन भागांत ठरवतो. कोळशासारखा बदलता खर्च युनिटमागे मिळतो. स्थिर खर्च मात्र किती युनिटे निर्माण केली यावर मिळत नाही. केंद्र किती काळ तयार होते यावर मिळतो. उपलब्धता ठरावीक पातळीला, साधारणपणे ८५ टक्क्यांना, पोहोचली की वर्षाचा स्थिर खर्च पूर्ण वसूल करता येतो. मागणी कमी आहे म्हणून भार प्रेषण केंद्राने संच कमी चालवायला सांगितला, तर तो दोष केंद्राचा धरला जात नाही. पण ओल्या कोळशाने गिरण्या तुंबल्या, बॉयलरची नळी फुटली किंवा पाणी नाही म्हणून संच बंद पडला, तर उपलब्धता घटते आणि स्थिर खर्चाची वसुलीही घटते. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटले आणि या केंद्राचे संच बंद ठेवावे लागले, तेव्हा चंद्रपूरकरांनी ‘तयार नसणे’ म्हणजे काय ते पाहिले.

म्हणजे सार्वजनिक पैशाचा प्रश्न आला तेव्हा नियामकाने उत्पादनफरक एकाच गाठोड्यात ठेवला नाही. न बनलेल्या युनिटचे कारण विचारले आणि कारणाप्रमाणे भार वाटला. खाजगी कागद कारखान्याला अर्थात असा ग्राहक नसतो, जो कारखाना नुसता तयार ठेवल्याचे पैसे देईल. थांबलेल्या तासांचा भार शेवटी मालकावरच पडतो. पण भार कोणावर पडतो आणि जबाब कोणी द्यायचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कारखान्याच्या आत जबाबदारी वाटताना कारण विचारण्याची ही रीत वापरायला कोणाचीच आडकाठी नाही.

बांबूच्या ६० तासांकडे आता नीट पाहू, कारण या भागातली खरी गोष्ट तिथे आहे. बांबूची तोड हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात होते. पावसाळ्यात नवे कोंब फुटत असतात, तेव्हा तोड थांबते. आणि थांबली नसती तरी भामरागड, एटापल्लीकडून ट्रक बाहेर पडू शकले नसते. म्हणून चार महिन्यांचा बांबू पाऊस लागायच्या आत यार्डात येऊन पडायला हवा. जुलैत यार्ड रिकामे झाले, तर त्याचे कारण जुलैत सापडत नाही. ते मार्च ते मे या काळात असते: खरेदीसाठी पैसा वेळेवर सुटला नाही, बोली लावताना मुख्यालयाने हात आखडला, तोडीचे करार उशिरा झाले, वाहतूकदार मिळाले नाहीत. फरक जुलैच्या तारखेने छापला जातो, पण तो घडलेला असतो उन्हाळ्यात, आणि बहुधा वर्क्स मॅनेजरच्या खुर्चीपासून दूर.

खरेदीचा हा प्रश्न गेल्या पंधरा-वीस वर्षांत अधिकच वर्क्स मॅनेजरच्या हाताबाहेर गेला आहे. पूर्वी बांबू वनखात्याच्या करारावर मिळत असे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरले आणि त्यावर वननिवासी समुदायांचा मालकी हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते त्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक मिळाले. त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा बांबू स्वतः विकू लागल्या. गावांच्या दृष्टीने हा न्याय होता, आणि तो फार उशिरा मिळाला. कारखान्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की ठरल्या दराने येणारा माल आता बाजारात इतर बोलीदारांशी स्पर्धा करून विकत घ्यावा लागतो. बांबूअभावी थांबलेला तास आता मुख्यतः खरेदीचे धोरण मोजतो. त्याला ‘वर्क्स’च्या रकान्यात लिहिणे म्हणजे धोरणाला जाबातून सुटका देणे.

येथे कोणी म्हणेल, की पावसाळा दरवर्षी येतो. मग जुलैचे अंदाजपत्रकच कमी टनांचे करा, म्हणजे खोटा फरक उरणार नाही. सूचना अर्धी बरोबर आहे. वर्षाचे टन बाराने भागून प्रत्येक महिन्याला सारखे लक्ष्य देणे हा आळस आहे, आणि त्यामुळे पावसाळ्यातले सगळे महिने प्रतिकूल व कोरडे महिने अनुकूल दिसतात. पण टंचाईचे तास अंदाजपत्रकातच मुरवून टाकले, तर मे महिन्यात यार्ड भरले नाही ही चूक दरवर्षी ‘अपेक्षित’ म्हणून माफ होत राहील. म्हणून खरोखर अटळ तेवढेच, म्हणजे पुराच्या गाळासारखे, महिन्याच्या लक्ष्यातून कमी करावे. बांबूची टंचाई टाळता येण्यासारखी असते. ती अहवालात वेगळ्या रकान्यात आणि खरेदीच्या नावावर दिसत राहावी.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. मॅनेजरला अशी वाट काढून दिली, तर तो प्रत्येक बंदचे खापर बांबूवर फोडेल. ही भीती खरी आहे, म्हणून कारण शब्दांवर नव्हे, साठ्यावर तपासायचे. ज्या तासांना ‘बांबू नाही’ असे लिहिले आहे, त्या तासांना यार्डात किती टन होते? यार्डात पंधरा दिवसांचा माल असताना लगदा संपला, तर बांबू कमी नव्हता; चिपर बंद होता किंवा डायजेस्टर अडला होता, आणि ते तास ‘तयार नव्हते’ या बाजूला जातात. रोजचा यार्डाचा साठा आणि बंदच्या नोंदी एका पानावर ठेवल्या, तर वाद बहुतेक वेळा तिथेच मिटतो.

तासांनी जबाबदारी कळते. पण निर्णय घ्यायला रुपये लागतातच. आणि येथे उत्पादनफरकातला रुपया सर्वांत जास्त फसवतो. समजा कागदाला टनामागे ६५,००० रुपये मिळतात आणि बदलता खर्च ४७,००० आहे. जादा विकला जाणारा प्रत्येक टन १८,००० रुपये आणतो. लगदा नाही म्हणून थांबलेल्या ६० तासांत ६०० टन निघाले असते. बाहेरून तयार लगदा घेतला तर टनामागे १२,००० रुपये जादा पडतात. घ्यावा का?

वर्क्स मॅनेजर आपल्या अहवालाकडे पाहील. ६०० टनांमुळे उत्पादनफरक ६० लाखांनी सुधारेल, पण महाग लगद्यामुळे मालाच्या किमतीचा फरक ७२ लाखांनी बिघडेल. त्याच्या पानावर १२ लाखांचे नुकसान दिसते. तो नको म्हणेल. प्रत्यक्षात कंपनीला ६०० टनांतून १ कोटी ८ लाख मिळाले असते आणि जादा लगद्याचे ७२ लाख गेले असते. निव्वळ ३६ लाख हाती आले असते. हा विरोधाभास येतो कोठून? टनाच्या १८,००० मधले १०,००० स्थिर खर्चाच्या वसुलीचे मानले जातात आणि ते वर्क्सच्या पानावर येतात. उरलेले ८,००० म्हणजे ६०० टनांचे ४८ लाख. ते विक्री विभागाच्या पानावर नफा म्हणून उमटतात. उणे १२ आणि अधिक ४८ मिळून ३६ होतात, पण ही बेरीज करणारे पान वर्क्स मॅनेजरपुढे कधी ठेवलेच जात नाही.

याची उलट बाजूही तितकीच खरी. मागणीच नसेल, तर ते ६०० टन न काढण्यात काहीच गमावलेले नसते, तरी अहवाल ६० लाखांचे नुकसान दाखवतच राहतो. एकाच उत्पादनफरकामागे कधी त्याहून मोठे नुकसान असते, कधी शून्य. टनामागचे १०,००० हे स्थिर खर्च भागिले टन एवढेच आहेत. गमावलेल्या टनाची किंमत त्यात कोठेच नाही. थांबलेल्या तासाची किंमत मोजायची असेल, तर एकच प्रश्न विचारावा: तो कागद विकला गेला असता का? उत्तर हो असेल तर टनाला १८,००० धरा, नाही असेल तर शून्य.

हा रुपया मॅनेजरला दुसऱ्या दिशेनेही ढकलतो. मार्च जवळ आला आणि वर्षाचा उत्पादनफरक लाल दिसू लागला, की मागणी नसतानाही मशीन चालवण्याचा मोह होतो. १,००० टन कागद काढून गोदामात टाकला, की १ कोटीचा स्थिर खर्च त्या साठ्याच्या किमतीत बसतो आणि अहवाल सुधारतो. पण त्या साठ्यात बदलत्या खर्चाचे ४ कोटी ७० लाख अडकतात. वर्षाला १० टक्के व्याज धरले तरी महिन्याला जवळजवळ ४ लाख जातात, आणि पुढच्या पावसाळ्यात दमट गोदामात रिळे खराब होतात ती वेगळीच. वीज केंद्राला ही सोयच नाही, कारण बनवलेली वीज गोदामात टाकून ठेवता येत नाही. कागदवाल्याला ती आहे, म्हणून त्याचा उत्पादनफरक अधिक जपून वाचावा लागतो. भारतीय लेखामानकांनी या पळवाटेला काही अंशी कुलूप लावले आहे. साठ्याच्या मूल्यांकनात स्थिर खर्च सर्वसाधारण क्षमतेच्या आधारे धरायचा, आणि उत्पादन कमी झाल्यामुळे न वाटला गेलेला भाग त्याच काळाचा खर्च म्हणून दाखवायचा. न विकलेला टन मात्र लेखामानक थांबवू शकत नाही. चुकीच्या आकड्यावर बढती ठरत असेल, तर मशीन चालूच राहील.

मग हा फरक काढायचाच कशाला, असा प्रश्न काही जण विचारतात. स्थिर खर्च टनांवर वाटूच नका, तो महिन्याचा खर्च म्हणून एकगठ्ठा दाखवा, म्हणजे ही भानगडच नको. निर्णयांपुरते ते बरोबर आहे. तरी तासांतला उत्पादनफरक मी टाकणार नाही. हेन्री गँट यांनी १९१५ साली अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांपुढे मांडले होते, की मालावर त्याला लागलेल्या यंत्रांचाच खर्च टाकावा. रिकाम्या यंत्रांचा खर्च वेगळा दाखवावा, म्हणजे ती का रिकामी आहेत हे कोणाला तरी सांगावे लागेल. शतक उलटले तरी याहून नेमके कारण मला दिसत नाही. वर्षामागून वर्ष १०० तास थांबत असतील, तर प्रश्न जुलैचा राहत नाही. कारखाना त्याच्या जंगलापेक्षा मोठा झाला आहे का, निलगिरी आणि सुबाभळीकडे वळायचे का, एक मशीन काढून टाकायचे का, हे प्रश्न त्या तासांतूनच उभे राहतात. त्यांची उत्तरे संचालक मंडळाने द्यायची असतात.

म्हणून जुलैच्या अहवालात दीड कोटीची एक बेरीज छापण्याऐवजी तिचे वाटप छापावे. मुख्यालयाने २६ लाखांच्या वेतन आणि विम्याबद्दल बोलावे. खरेदी विभागाने बांबूच्या ६० तासांबद्दल बोलावे, आणि बाहेरचा लगदा घ्यायचा की नाही हे विक्री विभागासह बसून ठरवावे. पुराचे १५ तास अटळ म्हणून सोडावेत, पण पाणी उपसायची जागा बदलता येते का, ही नोंद राहू द्यावी. वर्क्स मॅनेजरकडे मग दोनच गोष्टी उरतात: बिघाड आणि संथ चालीचे ४५ तास, आणि देखभालीत ‘वाचलेले’ १२ लाख. या दोहोंबद्दल त्याला कितीही कठोरपणे विचारावे. रिपोर्टमध्ये सर्वांत मोठा दिसणारा आकडा त्याचा नव्हता, आणि त्याचा जो होता तो अनुकूल म्हणून कोणी वाचलाच नव्हता.